कडेला आलेला हात

१९३६च्या मार्च महिन्यात डोरोथिया लँग ही अमेरिकन छायाचित्रकार कॅलिफोर्नियात निपोमोजवळच्या वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर पोचली. तिथे तिने टाकलेला एक फोटो पुढे ‘मायग्रंट मदर’ या नावाने जगभर गेला. बत्तीस वर्षांची फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हनुवटीपाशी हात नेऊन दूर कुठेतरी पाहते आहे. दोन्ही खांद्यांना टेकलेल्या मुलांनी आपले चेहरे लपवले आहेत आणि मांडीवर तान्हं बाळ आहे. मूळ फोटोत उजवीकडे खालच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा दिसतो. हात कुठून आला, कुणाचा, ते नीट कळत नाही. बहुधा तो त्या आईचाच असावा. लँगला तो खुपत राहिला. काही वर्षांनी, १९३९च्या सुमारास, निगेटिव्हवरच काम करून तो पुसट करण्यात आला. ज्या सरकारी खात्यासाठी ती फोटो काढत होती, त्याचा प्रमुख रॉय स्ट्रायकर याला हे मुळीच आवडलं नाही. त्याच्या दृष्टीने ते कागदपत्रात खाडाखोड करण्यासारखं होतं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अंगठा पुसण्याआधीची प्रतही जपून ठेवलेली आहे, त्यामुळे दोन्ही फोटो शेजारीशेजारी ठेवून पाहता येतात.

अंगठा नको होता तर लँगने फोटोची ती कडच का कापली नाही, हा प्रश्न इथे आपोआप पडतो. फोटोकडे नीट पाहिलं की उत्तर समोरच असतं. चौकट आधीच गच्च भरलेली आहे. उजवी कड आत घेतली तर खांब जातो आणि खांद्याला टेकलेल्या मुलावर कात्री येते. खालची कड वर घेतली तर मांडीवरच्या बाळाची जागा जाते. अंगठा एवढासा, पण तो जिथे आहे तिथून कापायचं तर माणसांना कापावं लागतं.

कडेला आलेल्या हाताची सगळी अडचण या एका उदाहरणात आहे. क्रॉप केल्याने हात एकटा जात नाही, चौकटीची एक पूर्ण पट्टी जाते. वरपासून खालपर्यंत किंवा डावीपासून उजवीपर्यंत त्या पट्टीत जे काही असेल ते सगळं जातं. म्हणून हात गेला की नाही हे पाहून काम संपत नाही. आपल्या माणसाच्या शरीराचं त्या रेषेवर काय झालं, ते पाहणं जास्त महत्त्वाचं असतं. बिघडलेले बहुतेक क्रॉप तिथेच बिघडलेले असतात.

मग पुसूनच का टाकू नये? आज मोबाइलवर बोट फिरवून हात नाहीसा करता येतो. घरच्या फोटोत तसं करायला कुणाची हरकत नाही. पण बातमीच्या फोटोत कापणं आणि पुसणं यांत मोठा भेद मानतात. २०१० साली वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत युक्रेनच्या स्तेपान रुदिकच्या एका फोटोमालिकेला बक्षीस मिळालं होतं. मालिका रस्त्यावरच्या मारामारीच्या खेळाची होती. त्यातल्या एका फोटोत हाताला पट्टी बांधणं चाललं आहे. मूळ रंगीत फोटो बराच मोठा होता. रुदिकने त्याचा मोठा भाग कापून फक्त हाताजवळचा तुकडा ठेवला होता आणि तो कृष्णधवल केला होता. यातल्या कशालाच परीक्षकांनी आक्षेप घेतला नाही. मात्र बोटांच्या मागे दिसणारा एका पावलाचा लहानसा तुकडा त्याने पुसला होता, तेवढ्यावरून बक्षीस काढून घेण्यात आलं. अनावश्यक भाग कापून टाकायला या स्पर्धेचे नियम मुभा देतात, चौकटीच्या आतली वस्तू नाहीशी करायला देत नाहीत. कापल्याने चौकट कुठे संपते एवढंच ठरतं. पुसलेल्या जागी मात्र कॅमेऱ्याने न पाहिलेलं काहीतरी भरावं लागतं. घरच्या फोटोतही हा फरक नजरेला जाणवतो. साडीच्या काठावरून किंवा झालरीवरून हात पुसला की तिथली नक्षी चुकते आणि ती चुकलेली नक्षी कायमची डोळ्यांत राहते. म्हणून जिथे कापून भागतं तिथे कापावं, असं माझं ठाम मत आहे.

आता रेषा कुठे पडावी ते पाहू. पोर्ट्रेट करणाऱ्यांचा जुना दंडक आहे की कड सांध्यावर येऊ देऊ नये. मनगट, कोपर, गुडघा, घोटा या ठिकाणी कापू नये. कापायचंच असेल तर दोन सांध्यांच्या मधे कापावं, म्हणजे दंडाच्या मध्यावर, मांडीच्या मध्यावर, छातीवर किंवा कंबरेच्या थोडं खाली. हा दंडक पाठ असलेले पुष्कळ भेटतात. त्याचं कारण कळलं, की तो कुठे सैल करता येतो हेही कळतं.

सांध्यापाशी हातापायाचा एक भाग खरोखरच संपत असतो. मनगटाच्या रेषेवर कड आली तर हाताचा पुढचा भाग पुरा होतो आणि पंजा सुरूच होत नाही. शरीराची रेघ आणि फोटोची कड एकाच जागी थांबतात, त्यामुळे नजरेला पुढे जायला काही सूत्र उरत नाही. हात तिथेच तुटला आहे असं वाटतं. दंडाच्या मध्यावर कापलं तर त्वचेची, बाहीची, स्नायूची रेघ कडेकडे धावत असते. आपली नजर ती रेघ कडेबाहेर चालू ठेवते आणि न दिसणारा हात मनात पुरा होतो. मानसशास्त्रज्ञ हेलेन इनट्रॉब आणि मायकेल रिचर्डसन यांनी १९८९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. जवळून घेतलेली चित्रं माणसांना दाखवून नंतर ती आठवणीने काढायला सांगितली, तर माणसं चौकटीत जे होतं त्यापेक्षा जास्त काढत होती. कडेवर कापलेल्या वस्तूही ती बऱ्याचदा पुऱ्या करून टाकत. कडेबाहेरचं जग आपण आपसूक भरत असतो. चांगला क्रॉप या सवयीला वाव देतो.

कडेवरचा परका हात का खुपतो, तेही यावरूनच समजतं. तो हात पाहिला की नजर त्यालाही पुरा करू लागते. दंड, खांदा, पलीकडचा माणूस, सगळं कडेबाहेर उभं राहतं आणि ज्याच्यासाठी फोटो काढला त्याच्या चेहऱ्यावरचं लक्ष तिकडे जातं. त्यात त्वचेचा रंग गडद पार्श्वभूमीवर उजळ दिसतो, बांगड्या चमकतात आणि मोबाइलच्या रुंद भिंगात कडेची वस्तू ताणली गेल्याने हात असतो त्याहून मोठाही दिसतो.

हे सगळं एका फोटोवर करून पाहू. लग्नातला फोटो आहे. चार बायका ओळीने उभ्या आहेत. उजव्या टोकाला आत्या, तिच्या शेजारी तिची वहिनी, पुढे डावीकडे आणखी दोघी. आत्याच्या पंचाहत्तरीला तिचा एक चांगला फोटो चौकटीत घालून भिंतीवर लावायचा आहे आणि तिचं इतकं मोकळं हसू दुसऱ्या कुठल्याच फोटोत नाही. फोटो कॅमेऱ्यातून आलेला, ६००० पिक्सेल रुंद आणि ४००० पिक्सेल उंच. डोक्यापासून पोटऱ्यांपर्यंत चौघी दिसतात. अडचणी दोन आहेत. उजव्या कडेतून कुणाचा तरी आइस्क्रीमची वाटी धरलेला हात आत आला आहे. तो डावीकडून मोजलं तर ५६०० पिक्सेलपासून कडेपर्यंत आहे. आणि वहिनीने आत्याच्या पाठीमागून हात टाकला आहे, त्याची चार बोटं आत्याच्या पलीकडच्या खांद्यावर आली आहेत.

आइस्क्रीमचा हात सोपा आहे. आत्याने पर्स दोन्ही हातांनी कंबरेपाशी धरली आहे, त्यामुळे तिचं कोपर थोडं बाहेर आलं आहे. कोपराचं टोक ५४४० पिक्सेलवर आहे. म्हणजे कोपर आणि परकी बोटं यांच्यात १६० पिक्सेलची मोकळी जागा आहे. उजवी कड ५५४०वर आणली की हात पूर्ण जातो आणि कोपरापलीकडे १०० पिक्सेलचा मोकळा भाग राहतो. हा मोकळा भाग सोडणं गरजेचं आहे. कड कोपराला नेमकी चिकटली तर कोपर काचेवर दाबल्यासारखं दिसतं आणि नजर तिथेच अडकते. अंग आणि कड यांच्यात एकतर उघड दिसणारी जागा ठेवावी किंवा कड सरळ अंगाच्या आत, दंडावर न्यावी. नुसता स्पर्श ठेवू नये.

खरी कसोटी खांद्यावरच्या बोटांची आहे. इथे बहुतेक जण जे करतात ते असं. फोटो आत्याचा हवा, तर वहिनीला काढून टाकायचं. डावी कड ओढत आणायची ती वहिनीचा चेहरा बाहेर जाईपर्यंत, साधारण ४३०० पिक्सेलवर. उजवी कड ठरवली तशी. वहिनी गेली. पण तिच्या खांद्याची एक पट्टी आत्याला चिकटून राहिली आणि आत्याच्या पलीकडच्या खांद्यावर चार बोटं राहिली, ज्यांना आता कुणी मालक नाही. पूर्ण फोटोत ही बोटं कुणाच्या लक्षातही आली नव्हती, कारण नजर त्यांच्यापासून हात धरून वहिनीपर्यंत जात होती. एक हात काढायला गेलो आणि त्याहून विचित्र असा दुसरा हात आपणच तयार केला. क्रॉप झाल्यावर ‘आधी नव्हतं असं काही आता कडेला आलं का?’ हे पाहायचं असतं, ते याचसाठी.

माझा सल्ला असा, की खांद्यावरचा हात ठेवावा आणि त्याच्या मालकिणीलाही ठेवावं. दोघींचा फोटो करावा. खांद्यावर टाकलेला वहिनीचा हात मायेचा आहे, आत्या हसते आहे त्यात त्या हाताचाही वाटा असेल. त्याला काढून आत्या एकटी करण्यापेक्षा दोघी असलेला फोटो भिंतीवर जास्त शोभेल. आता डावी कड कुठे आणायची? वहिनीचा पलीकडचा खांदा जिथे संपतो तिथे, म्हणजे सुमारे ३२६०वर आणून पाहिली, तर तिसऱ्या बाईचं कोपर आत राहतं. ओळीत उभी राहिलेली माणसं एकमेकांवर थोडी चढलेली असतात, त्यामुळे दोघांच्या मधून स्वच्छ रेष सहसा मिळत नाही. अशा वेळी कड आपल्याच माणसाच्या अंगात थोडी घ्यावी लागते. ती ३४००वर आणली की तिसरीचं कोपर जातं आणि वहिनीच्या दंडाची बाहेरची बाजू कापली जाते. ही काप उभी आहे, दंडाच्या लांबीने जाते, खांद्यापासून खाली सलग. सांध्यावर आडवी पडलेली नाही. त्यामुळे वहिनी चौकटीच्या बाहेर थोडी चालू आहे असंच वाटतं. उलट आत्याचा हात पूर्ण दिसतो, तिच्या बाजूला हवा आहे, त्यामुळे फोटो तिचाच आहे हेही न सांगता कळतं.

या काठांमध्ये २१४० पिक्सेलची रुंदी उरली. भिंतीसाठी ८ बाय १० इंचाचा उभा फोटो करायचा ठरवला तर रुंदी आणि उंचीचं प्रमाण ४:५ लागतं, म्हणजे उंची २६७५ पिक्सेल. आत्याच्या डोक्यावर दोनशे पिक्सेल जागा सोडून वरची कड ठरवली, तर खालची कड तिच्या मांडीवर, गुडघ्याच्या बऱ्याच वर येते. हे चालतं. पर्स आणि दोन्ही पंजे चौकटीत पूर्ण आहेत. वहिनीचा मोकळा लोंबता हात दंडापासूनच बाहेर गेलेला आहे, त्यामुळे त्याच्या बोटांची टोकं खालच्या कडेवर कापली जाण्याचा धोका राहिला नाही. उभ्या माणसाचा हात सरळ खाली असला की बोटं मांडीच्या मध्यापर्यंत पोचतात. मांडीवर कापताना म्हणूनच आधी बोटं कुठे आहेत ते पाहावं. सगळा हात दाखवून फक्त बोटांची टोकं गायब करणं हा मांडीवरच्या क्रॉपमधला नेहमीचा दोष आहे.

साडीमुळे इथे आणखी एक सोय होते. सहावारी साडीत गुडघा दिसत नाही, निऱ्या सरळ खाली उतरतात. त्यामुळे पँट घातलेल्या माणसाच्या बाबतीत गुडघ्यावरची काप जितकी बोचते, तितकी साडीत बोचत नाही. नऊवारीत पायाचा आकार उघड असतो, तिथे दंडक पुन्हा लागू होतो. साडीच्या बाबतीत जपायची जागा वेगळी आहे, ती म्हणजे खालचा काठ. पावलं वगळून काठाच्या अगदी लगत कापलं तर बाई जमिनीवर उभी न राहता तरंगते आहे असं वाटतं. पावलं आणि खालची थोडी जमीन घ्यावी, नाहीतर पोटऱ्यांच्या वर यावं.

घरच्यांचा हट्ट असेल की फोटोत आत्या एकटीच हवी, तर तोही मार्ग आहे, पण त्याची किंमत मोजावी लागते. मग कड बोटांच्या आत, आत्याच्या खांद्यावर न्यावी लागते. आत्याचा चेहरा उजवीकडे सुमारे ५०१५ पिक्सेलपर्यंत आहे आणि बोटं ५२००पासून सुरू होतात. उजवी कड ५१८०वर आणायची. दुसऱ्या बाजूला वहिनीची बाही ४४००पर्यंत आली आहे, म्हणून डावी कड ४४२०वर. चेहरा जवळपास मध्यभागी येतो आणि दोन्ही खांदे सारखेच कापले जातात. एकच खांदा कापला असता तर तोल गेला असता. दोन्ही बाजूंनी सारखी काप पडली की ती मुद्दाम केलेली, चेहऱ्याला जवळ आणणारी वाटते. खालची कड गळ्याच्या मुळाशी ठेवू नये, तिथे शिर वेगळं झाल्यासारखं दिसतं. मंगळसूत्राचा वरचा भाग आणि ब्लाउजचा गळा दिसेल इतकं खाली जावं.

अशा घट्ट क्रॉपचं जगातलं बहुधा सर्वांत प्रसिद्ध उदाहरण चे गेव्हाराचा फोटो आहे. क्यूबाचा छायाचित्रकार आल्बेर्तो कोर्दा याने तो ५ मार्च १९६० रोजी हवानातल्या एका शोकसभेत टिपला. मूळ फोटो आडवा आहे. डाव्या कडेला एका माणसाचा बाजूने दिसणारा चेहरा आणि उजवीकडे झाडाची पानं आहेत. कोर्दाने दोन्ही बाजू कापून उभा फोटो केला. तो जमला, कारण चे आणि तो माणूस यांच्यात मोकळं आकाश होतं, कुणाचा हात कुणावर नव्हता, आणि उरलेल्या चौकटीत चेहरा, खांदे आणि छातीचा वरचा भाग एवढंच होतं. कापण्यासारखा एकही सांधा तिथे शिल्लक नव्हता.

आत्याच्या घट्ट क्रॉपमध्ये मात्र फक्त ७६० पिक्सेलची रुंदी उरते. छपाईत दर इंचाला ३०० पिक्सेल मिळाले तर हातात धरून पाहतानाही फोटो स्वच्छ दिसतो, २००च्या वर असेल तर भिंतीवर काही बिघडत नाही. दोघींच्या क्रॉपमध्ये ८ इंचांना २१४० पिक्सेल आहेत, म्हणजे इंचाला २६७. छान. एकट्या आत्याच्या क्रॉपमध्ये तेच ८ इंच छापायचे तर इंचाला ९५ पिक्सेल पडतात. भुवया आणि पापण्या पुसट होतात, कुंकवाची कड विरघळते. तोच फोटो अडीच इंच रुंद, पाकिटात ठेवण्याएवढा किंवा टेबलावरच्या लहान चौकटीत बसेल एवढा छापला तर अगदी नीट येतो. क्रॉप जितका आत जातो तितका कागद लहान करावा लागतो, यातून सुटका नाही. वाढवून छापणारी यंत्रं पिक्सेल वाढवतात, कॅमेऱ्याने न टिपलेली पापणी परत आणत नाहीत.

म्हणूनच काम सुरू करण्याआधी मूळ फाइल मागून घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या दर्जात पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. त्या प्रतीत वरचा दोघींचा क्रॉप केला तर रुंदीला ५७० पिक्सेलच उरतात आणि ८ इंचांचा विचारच सोडावा लागतो. फोटो काढणाऱ्याकडून पेनड्राइव्हवर किंवा ड्राइव्हवर मूळ फाइल घ्यावी आणि क्रॉप नेहमी तिच्या प्रतीवर करावा. हीच फाइल पुढे कधीतरी तिसऱ्या बाईच्या फोटोसाठी लागेल.

एक अडचण पिक्सेल पुरेसे असूनही येते आणि ती फार थोड्या लोकांना ठाऊक असते. ओळीच्या टोकाला उभं असलेलं माणूस रुंद भिंगातून आडवं ताणलं जातं. मोबाइलच्या मुख्य भिंगातही हे होतं, गर्दी मावावी म्हणून वापरलेल्या अतिरुंद भिंगात तर फारच. समूहाच्या फोटोत हे खपून जातं, कारण सगळेच थोडे थोडे ताणलेले असतात आणि चेहरा लहान असतो. क्रॉप करून त्याच व्यक्तीला मध्यभागी आणलं की गाल रुंद आणि डोकं एका बाजूला ओढल्यासारखं दिसतं, आणि ते का तसं दिसतं याचा कुठलाच पुरावा चौकटीत उरत नाही. घरातली माणसं म्हणतात, ‘आत्या यात वेगळीच दिसते.’ ती वेगळी दिसत नाही, ती ताणली गेली आहे. असं असेल तर त्याच प्रसंगाचा, आत्या मधे असलेला दुसरा फोटो शोधणं शहाणपणाचं. कडेचे परके हात टाळण्याचाही तो उत्तम मार्ग आहे.

जिथे क्रॉप हरतो अशा जागाही आहेत. कुणाचा हात छातीवरून आडवा गेला असेल, कुणी दोघांनी हातात हात गुंफले असतील, मागून पुढे आलेला हात हार घालत असेल, तिथे चौकटीची कुठलीही रेष कामाला येत नाही, कारण हात कडेला नसून माणसावरच आहे. मग एकतर हाताच्या मालकासह फोटो ठेवावा, किंवा घरच्या वापरासाठी पुसण्याचं काम जाणत्या माणसाकडून करून घ्यावं. त्यातही आधी क्रॉपने जितका हात जातो तितका घालवावा आणि उरलेला तुकडाच पुसावा. पुसायची जागा जितकी लहान, तितकी नक्षी चुकायची शक्यता कमी. फोटो जरासा फिरवल्यानेही कधीकधी काम होतं. कडेतून खालच्या कोपऱ्यात आलेली बोटं एक-दोन अंश फिरवून सरळ केलेल्या चौकटीबाहेर पडतात. फक्त मागची खांब किंवा दाराची उभी रेघ वाकडी झाली नाही ना, ते पाहावं लागतं. खांब वाकडा झाला तर फोटोतली माणसं उताराला उभी दिसतात.

शेवटी क्रॉप तपासायची माझी रीत सांगतो. फोटो पडद्यावर अंगठ्याएवढा लहान करून पाहावा. लहान आकारात चेहऱ्याचे तपशील जातात आणि कडेवरची उजळ, कापलेली, चिकटलेली गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. मग पुन्हा मोठा करून नजर फक्त चारही कडांवरून एकदा फिरवावी, चेहऱ्याकडे न पाहता. वहिनीच्या बाजूला तिसरीच्या बांगडीची एखादी चमक राहिली असेल तर ती याच वेळी सापडते.

छापायला देताना दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्या लागतात. ४:५ प्रमाणाची फाइल ८ बाय १२च्या कागदावर ‘भरून’ छापली, तर मशीन फोटो वाढवतं आणि बाजूंनी आपोआप कापतं. आपण पिक्सेल मोजून सोडलेली कोपरापलीकडची जागा सगळ्यात आधी जाते आणि कोपरही कापलं जातं. म्हणून कागद ८ बाय १०च हवा असं सांगावं, किंवा ८ बाय १२वर पांढरी पट्टी ठेवून छापायला सांगावं. दुसरी गोष्ट लाकडी चौकटीची. चौकटीची आतली ओठासारखी कड फोटोच्या चारही बाजूंचे काही मिलीमीटर झाकते. आपण कोपरापलीकडे सोडलेले १०० पिक्सेल कागदावर साडेनऊ मिलीमीटर होतात. चौकटीने त्यातले पाच झाकले तरी साडेचार उरतात, आणि आत्याचं कोपर लाकडाला टेकत नाही.